रात्रीच्या प्रवासात गाडीचा झोपेचा इशारा: तो कसा ओळखतो आणि सेटिंग बदलल्यावर नेमकं काय बदलतं

गाडी तुमच्या हातांकडे बघते आहे की डोळ्यांकडे, हे आधी शोधून काढा. झोपेचा इशारा देणाऱ्या यंत्रणा या दोन तऱ्हांच्या असतात. दोघींची पद्धत वेगळी, दोघी फसतात त्या जागाही वेगळ्या. त्यामुळे आपल्याकडे कोणती आहे हे कळल्याशिवाय सेटिंगला हात लावण्यात अर्थ नाही.

ओळखायला सोपं आहे. स्टिअरिंगच्या मागे कॉलमवर, मीटरच्या वरच्या कडेला किंवा मधल्या स्क्रीनजवळ काळ्या काचेमागे तुमच्याकडे तोंड करून बसवलेला छोटा कॅमेरा दिसतो का बघा. असा कॅमेरा अंधारात चेहरा दिसावा म्हणून इन्फ्रारेड दिवे वापरतो. ते आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण इंजिन चालू ठेवून फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यातून तिकडे पाहिलं तर पुष्कळदा फिकट जांभळे ठिपके दिसतात. टीव्हीच्या रिमोटचा दिवा फोनमधून दिसतो, तसंच हे. ठिपके नाहीत, कॅमेराही नाही आणि तरी मीटरवर कपाचं चिन्ह येतं, तर तुमची गाडी हातांकडे बघणारी आहे. आपल्याकडे रस्त्यावर असलेल्या गाड्यांत ही तऱ्हा बरीच आढळते, म्हणून आधी तिच्याबद्दल.

ताजातवाना माणूस सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग स्थिर धरत नाही. जरा डावीकडे, जरा उजवीकडे अशा बारीक दुरुस्त्या तो सतत करत असतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. झापड यायला लागली की या दुरुस्त्या काही क्षण थांबतात, गाडी हळूच एका बाजूला सरकते, मग माणूस दचकतो आणि एकदम झटका देऊन गाडी जागेवर आणतो. ‘आधी शांतता, मग झटका’ ही जोडी यंत्रणा शोधत असते. स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर गाडीत असतोच. त्याच्या जोडीला घड्याळातली वेळ, सलग किती वेळ चालवलं, इंडिकेटर दिला का, अशा गोष्टीही काही यंत्रणा हिशेबात घेतात. मर्सिडीजने २००९ साली आणलेली `Attention Assist` याच तत्त्वावरची. काही गाड्या त्याऐवजी समोरच्या काचेवरच्या कॅमेऱ्याने लेनच्या रेषा बघतात आणि गाडी त्या रेषांमध्ये किती डुलते ते मोजतात.

या तऱ्हेची एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्रवासाच्या पहिल्या काही मिनिटांत ती तुमची चालवण्याची ढब शिकून घेते आणि पुढचं सगळं त्या मापाने मोजते. म्हणजे दिवसभर लग्नघरात राबून, अर्धवट झोपेत गाडी बाहेर काढली तर तुमची पेंगुळलेली ढबच तिच्या लेखी ‘नॉर्मल’ ठरते. पुढे तिला फरक जाणवेल तो आणखी बिघडल्यावर. शिवाय यातल्या बऱ्याच यंत्रणा ताशी साठ-पासष्ट किलोमीटरच्या खाली काम करत नाहीत. तेवढा वेळ मीटरवरची सावधपणा दाखवणारी पट्टी भरलेली दिसली, तरी तिचा अर्थ इतकाच की मोजमाप चालू नाही.

डोळ्यांकडे बघणारी यंत्रणा पापण्या मोजते. साधी उघडझाप सेकंदाच्या दहाव्या भागापासून चारदहांश भागापर्यंत आटोपते. झोप चढली की पापणी सावकाश खाली येते, रेंगाळते आणि सावकाश उघडते. एका मिनिटात डोळे ८० टक्के किंवा त्याहून जास्त मिटलेले किती वेळ होते, याची टक्केवारी काढणं हे या क्षेत्रातलं जुनं आणि भरवशाचं माप. त्याबरोबर एखादी पापणी सलग किती वेळ मिटली आणि मान किती खाली गेली हेही बघितलं जातं. मफलर नाकापर्यंत ओढलेला असेल, टोपीची कड भुवईवर आली असेल, चष्म्याच्या काचेवर समोरच्या गाडीच्या अप्परची तिरीप येत असेल, तर हे गणित विस्कटतं. खाली मीटरकडे बघितलं तरी कॅमेऱ्याला पापणी मिटल्यासारखी दिसते. उघड्या डोळ्यांनी भान हरपलेला माणूस मात्र दोन्ही तऱ्हांच्या हातून निसटू शकतो.

सेटिंग बदललं की काय बदलतं

मेनूत साधारण `Driver Attention Warning`, `Drowsiness` किंवा `Driver Assistance` अशा नावाखाली पर्याय असतो. आत कुठे `Standard` आणि `Sensitive` लिहिलेलं असतं, कुठे `Normal` आणि `Late`, कुठे नुसतं चालू-बंद. पुष्कळांची समजूत अशी की संवेदनशीलता वाढवली की यंत्राची नजर तीक्ष्ण होते. तसं होत नाही. सेन्सर तोच, मोजमाप तेच. इशारा कुठे द्यायचा ती रेघ तेवढी अलीकडे किंवा पलीकडे सरकते.

डोळ्यांच्या यंत्रणेवर हे नीट समजतं. पुढचे आकडे समजण्यापुरते धरा. एका मिनिटात पापण्या मिटून राहण्याचं प्रमाण १२ टक्के झालं की साधा इशारा, असं ठरलेलं आहे. म्हणजे साठ सेकंदांत सात सेकंद डोळे जवळजवळ बंद. संवेदनशील पर्यायात ही रेघ ८ टक्क्यांवर आली, तर पाच सेकंदांनाच इशारा मिळेल. माणसाची झोप एकदम येत नाही, लाटेसारखी चढते. ५ टक्क्यांवरून ८ वर आणि ८ वरून १२ वर जायला वेळ जातो. तो मधला वेळ तुमच्या हातात येतो, हाच या सेटिंगचा खरा फायदा. त्याची किंमत म्हणजे ज्या रात्री तुम्ही नुसते दमलेले आहात, पेंगत नाही, त्या रात्रीही एखादा इशारा येणार.

ही रेघ किती उशिराची असू शकते याची कल्पना यावी म्हणून युरोपातला नियम बघा. तिथे जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या गाड्यांत झोपेचा इशारा सक्तीचा आहे. झोपेची तीव्रता मोजायची नऊ पायऱ्यांची एक मोजपट्टी आहे. त्यातली सातवी पायरी म्हणजे झोप येतेय पण जागं राहायला धडपड करावी लागत नाही, आठवी म्हणजे थोडी धडपड करावी लागते, नववी म्हणजे झोपेशी झगडा चाललाय. नियमाप्रमाणे इशारा आठव्या पायरीला यायला हवा, सातवीला दिला तरी चालतो. आणि चाचणीत पास व्हायला अशा प्रसंगांपैकी सरासरी चाळीस टक्क्यांहून जास्त पकडले तरी पुरतं. म्हणजे इशारा आला नाही म्हणून आपण जागे आहोत, असा उलटा हिशेब कुणी करू नये.

रात्रीच्या लांब प्रवासाला माझं मत सरळ आहे. जास्तीत जास्त संवेदनशील पर्याय ठेवा, `Late` असेल तर तो मुळीच नको. दिवसा गावातल्या गावात हवं तर साध्यावर आणा. मिरजेतले एक टुरिस्ट गाडीवाले मला म्हणाले, “अहो, ते कपाचं चित्र घाटात पण येतं, मग कोण बघतंय त्याच्याकडं?” तक्रार खरी आहे. खोट्या इशाऱ्यांनी माणूस यंत्राला विटतो आणि कायमचं बंद करून टाकतो. पण खोटा इशारा ओळखता येतो. तो कसा, ते पुढे सांगतो.

निघण्यापूर्वी

आधी सीट आणि स्टिअरिंग आपल्या उंचीला लावून घ्या. कॅमेरा कॉलमवर असेल तर स्टिअरिंग फार खाली किंवा वर केल्यावर त्याचाच आरा मध्ये येतो. कॅमेऱ्यावरची काच कोरड्या मऊ फडक्याने पुसा. डॅशबोर्ड चमकवायचं पॉलिश तिथे लागलं असेल तर चेहरा धूसर दिसतो. हातांकडे बघणाऱ्या गाडीत यातलं काही लागत नाही, पण समोरची काच आतून-बाहेरून स्वच्छ हवी. लेनच्या रेषा तिथूनच वाचल्या जातात.

मग मेनूत जाऊन संवेदनशील पर्याय निवडा आणि तिथेच इशाऱ्याचा आवाज बघा. बऱ्याच गाड्यांत तो वेगळ्या ठिकाणी असतो. मागे पोरं झोपलीत म्हणून आवाज तळाला नेलेला असतो आणि तो तसाच राहतो. स्टिअरिंग किंवा सीट थरथरण्याचा पर्याय असेल तर तो चालू ठेवा. त्याने पोरं उठत नाहीत.

तिसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. गाडीत लेन पकडून आपोआप स्टिअरिंग वळवणारी सोय असेल, तर गाडी मधोमध ठेवायचं काम यंत्र करतं. मग तुमच्या दुरुस्त्या थांबल्या तरी लेनमधली डुलण मोजणाऱ्याला त्या दिसणार कुठून? स्टिअरिंगवर हात आहेत की नाहीत एवढंच ती सोय तपासते आणि पेंगणारा माणूसही हात टेकवून बसलेला असतो. त्यामुळे हातांकडे बघणाऱ्या गाडीत, मध्यरात्रीनंतर, लेन मधोमध धरणारी सोय बंद ठेवून स्वतः स्टिअरिंग सांभाळणं मला बरं वाटतं. लेन सोडल्यावर नुसता इशारा देणारी सोय वेगळी, ती राहू द्या.

एक प्रवास: सांगली ते मुंबई

धरून चाला की सकाळचं विमान आहे आणि रात्री साडेअकराला सांगलीहून निघालात. सकाळी सहाला उठलेला माणूस त्या वेळी साडेसतरा तास जागा असतो. सलग सतरा तास जागल्यावर हातापायांचं आणि नजरेचं काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं मंदावतं, असं १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं होतं. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. म्हणजे पहिला किलोमीटर कापायच्या आधीच ही अवस्था.

सांगली ते पेठ नाका हा पहिला तास. आष्टा आणि आता ईश्वरपूर झालेल्या इस्लामपूरजवळ वेग मोडतो. उसाचा हंगाम असेल तर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे, मागे लाल दिवा नसलेले ट्रॅक्टर समोर येतात. वेग सारखा पन्नासच्या आत-बाहेर होतो. या टप्प्यात मीटरवरची पट्टी भरलेलीच राहील. तिला काही अर्थ देऊ नका.

पेठ नाक्याला राष्ट्रीय महामार्ग ४८ लागला, वेग ऐंशीवर स्थिरावला, की यंत्रणा खऱ्या अर्थाने शिकायला लागते. कासेगाव, कराड, उंब्रज. कुठे सहापदरीकरणाचं काम आणि डायव्हर्जन लागलं, तर तिथे जुन्या पुसलेल्या आणि नव्या तात्पुरत्या रेषांची सरमिसळ असते. गाडी बॅरिकेडच्या कडेने डुलत जाते आणि इशारा येऊ शकतो. हा खोटा. पण त्याच ठिकाणी रेषा अजिबात दिसल्या नाहीत तर यंत्रणा मुकाट थांबते, आणि ते जास्त वाईट.

पावणेदोनच्या सुमारास सातारा. इथून पुढे दोन ते चार ही वेळ, जेव्हा शरीराचं घड्याळच माणसाला झोपेकडे ओढतं. आणि नेमका हा टप्पा रुंद आणि सरळ आहे. आनेवाडी टोलनाका, पाचवड, भुईंज, सुरूर फाटा, मग खंबाटकीचा बोगदा, खंडाळा, शिरवळ. रस्त्यात गुंतवून ठेवणारं काही नसल्यामुळे झापड इथेच चढते.

आता दोन सेटिंगांचा फरक बघा. समजा संवेदनशील पर्यायात पहिला इशारा आनेवाडीच्या अलीकडे आला. पुढे टोलनाका आहे, उजेड आहे, कडेला थांबायला जागा आहे. साध्या पर्यायात तोच इशारा दहा मिनिटांनी आला असता. ताशी ऐंशीच्या वेगाने दहा मिनिटांत तेरा-चौदा किलोमीटर जातात. म्हणजे तुम्ही भुईंज मागे टाकून सुरूरच्या दिशेने निघालेले, पुढे बोगदा, आणि तिथे धडपणे थांबायला जागा मिळेलच असं नाही. मध्येच तीन सेकंद डोळा लागला तर गाडी सहासष्ट मीटर कुणाच्या ताब्यात नसते. म्हणून सेटिंग निवडताना ‘मला किती झोप येते’ यापेक्षा ‘इशारा आल्यापासून पुढची उजेडाची, सुरक्षित जागा किती मिनिटांवर आहे’ हा हिशेब जास्त उपयोगाचा. सातारा ते शिरवळ या पट्ट्यात तो वेळ सहज वीस मिनिटांचा असू शकतो.

चहा घेतल्यावर पट्टी भरते, त्याचं काय

इथे सगळ्यांत जास्त लोक फसतात. पुष्कळ गाड्यांत इंजिन बंद केलं, बेल्ट काढून दार उघडलं किंवा गाडी दहा-एक मिनिटं उभी राहिली, की यंत्रणा समजते तुम्ही विश्रांती घेतली. ‘शेवटची विश्रांती’ शून्यावर येते, पट्टी पुन्हा पूर्ण भरते. तुम्ही प्रत्यक्षात लघवीला उतरून कटिंग मारून आलेले असता. गाडीने काही तपासलेलं नसतं, नुसतं घड्याळ मागे फिरवलेलं असतं. आणि आता ती ढब पुन्हा पहिल्यापासून शिकणार, तीही तुमच्या पेंगुळल्या हातांवरून. चहानंतरची पहिली पंधरा-वीस मिनिटं म्हणूनच सगळ्यांत कमी पहाऱ्याची.

त्यामुळे इशारा आल्यावर थांबायचं ते असं. उजेडाच्या जागी, महामार्गाच्या खांद्यावर नव्हे, हॉटेलच्या किंवा पंपाच्या आवारात गाडी लावा. आधी कॉफी किंवा कडक चहा घ्या, मग लगेच सीट मागे टेकून पंधरा-वीस मिनिटांचा गजर लावून झोपा. कॅफिनला अंगात उतरायला साधारण अर्धा तास लागतो, त्यामुळे जाग येते त्या सुमाराला त्याचाही जोर येतो. अर्ध्या तासापेक्षा जास्त ताणलं तर गाढ झोप लागते आणि उठल्यावर डोकं जड राहतं. उठल्यावर तोंड धुऊन, गाडीभोवती दोन फेऱ्या मारून, दहा मिनिटांनी निघा. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं याने काही मिनिटं बरं वाटतं, पापण्यांचं गणित बदलत नाही.

निघाल्यावर पट्टीऐवजी मनगटावरचं घड्याळ धरा. एका थांब्यानंतर तासाभरात दुसरा इशारा आला, तर तो पहिल्यापेक्षा गंभीर माना, कारण मधली काही मिनिटं यंत्रणा शिकण्यातच गेली होती. तिथे चालक बदला. बदलायला कुणी नसेल तर शिरवळ किंवा पुण्याच्या अलीकडे नीट झोपा आणि उजाडल्यावर निघा. विमान चुकतं, चुकू द्या.

खरा इशारा आणि खोटा इशारा

इशारा येताच स्वतःला एकच विचारा: गेल्या मिनिटाभरात मी काय केलं ते मला आठवतं का? शेवटचा दिशाफलक कोणता होता, मागची गाडी केव्हा ओव्हरटेक करून गेली? आठवत असेल आणि त्याच वेळी रस्ता खडबडीत, घाटाचा, डायव्हर्जनचा किंवा आडव्या वाऱ्याचा असेल, तर इशारा बहुधा रस्त्याने काढलेला. डोळ्यांच्या यंत्रणेत नुकतंच मीटरकडे किंवा स्क्रीनकडे बघितलं असेल तर तेही कारण. रस्ता सरळ आणि गुळगुळीत असताना इशारा आला आणि मागचा फलक आठवत नाही, तर वाद घालू नका.

खोटे इशारे सारखे येत असतील तर सेटिंग बंद करण्याआधी दोन गोष्टी करून बघा. दिवसा, ताजेतवाने असताना, डायव्हर्जन नसलेल्या सरळ पट्ट्यात अर्धा तास चालवा. तेव्हाही इशारा येत असेल तर बिघाड गाडीत आहे: टायरमधली हवा कमी-जास्त, व्हील अलाइनमेंट गेलेलं, स्टिअरिंग एका बाजूला ओढणारं. हात सतत एका बाजूला जोर लावत असेल तर यंत्रणेला तुमची ढब चुकीची दिसते. टायरच्या दुकानात हवा आणि अलाइनमेंट करून घेतल्यावर तक्रार पुष्कळदा जाते. डोळ्यांच्या कॅमेऱ्याचं असेल तर चष्मा बदलून आणि सीट एक खाच पुढे-मागे करून बघा. तरी राहिलं तर सर्व्हिस सेंटरमध्ये कॅमेऱ्याचा कोन तपासायला सांगा, विशेषतः समोरची काच किंवा डॅशबोर्ड अलीकडे बदललेला असेल तर. हे सगळं करून खोटे इशारे थांबले नाहीत, तर रात्रीच्या प्रवासापुरतं संवेदनशीलवर आणि दिवसा साध्यावर, असं प्रत्येक वेळी हाताने बदलत राहा. काही गाड्या इंजिन बंद झाल्यावरही निवडलेला पर्याय लक्षात ठेवतात, काही नाही. पहिल्या रात्री पेठ नाक्याला थांबून मेनू उघडून बघितलं की तुमच्या गाडीचं कळेल.